बाबांना लिहिलेली चिठ्ठी

जून महिन्याचा तिसरा रविवार हा हल्ली आपल्याकडेही ‘फादर्स डे’ म्हणून ओळखला जाऊ लागला आहे. शहरातली मुले त्या दिवशी वडिलांना शुभेच्छापत्र देतात, केक आणतात. आपल्या खेड्यापाड्यांतून मात्र त्या दिवशी घरात बाप सापडेल तर शपथ. तिसरा रविवार पंधरा ते एकवीस जूनच्या दरम्यान कधीतरी येतो, म्हणजे नेमका मृगात. पाऊस झालेला असेल तर बाप तिफणीमागे असतो, आणि झालेला नसेल तर बांधावर उभा राहून आभाळाकडे पाहत असतो. अशा माणसाला शुभेच्छा द्यायच्या तरी कुठे जाऊन?

मलाही हा दिवस म्हणजे दुकानदारांनी काढलेले एक खूळच वाटत असे. पुढे कळले की या दिवसाची सुरुवात एका शेतकऱ्याच्या मुलीने केली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन नावाचे एक राज्य आहे. तिथल्या स्पोकेन गावाकडे विल्यम स्मार्ट नावाचा गृहस्थ शेती करून राहत असे. तरुणपणी तो तिथल्या यादवी युद्धात लढलेला होता. 1898 साली त्याची बायको बाळंतपणात वारली. मागे पाच मुलगे आणि सोनोरा ही एकच मुलगी. सोनोरा तेव्हा सोळा वर्षांची होती. बापाने शेती सांभाळून सहाही लेकरे वाढवली. 1909 साली चर्चमध्ये आईच्या थोरवीवरचे प्रवचन ऐकताना सोनोराच्या मनात आले की असा एखादा दिवस बापासाठी का नसावा? तिने खटपट केली, आणि 19 जून 1910 रोजी स्पोकेनमध्ये असा पहिला दिवस पाळला गेला. अमेरिकेच्या सरकारने त्याला कायद्याने कायमचे स्थान दिले ते 1972 साली.

या हकिकतीत मला एक गोष्ट फार लागली. तो दिवस पाळला गेला तेव्हा सोनोराचे वडील हयात होते. आपल्याकडे बापासाठी दिवस नाहीत असे नाही, पण ते बाप गेल्यानंतरचे. आमच्या विदर्भात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, भाद्रपदात पान वाढतात. त्या वेळी आपण पाणी देतो, चिंचोणी देतो, पन्हे देतो, पण तो माणूस समोर बसलेला असताना त्याला काही सांगितले होते का, हे आठवून पाहावे. आईचे तसे नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि मराठी माणसाला आईबद्दल बोलण्याची भाषा मिळाली. बापाबद्दल बोलताना मात्र आपली जीभ अडखळते, आणि बाप जर माझ्या बाबांसारखा असेल तर विचारूच नका.

माझे बाबा काटोल तालुक्यातले संत्रा बागाईतदार. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते अकरा वर्षांचे असताना आजोबा वारले आणि मोट त्यांच्या हाती आली. त्यांना जवळ घेऊन बोलणारे कोणी उरले नाही, म्हणून त्यांनाही ते कधी जमले नाही, असे आता मला वाटते. लहानपणी मात्र असा विचार कोण करतो? बाबांनी मला कधी उचलून घेतल्याचे मला आठवत नाही. शाळेत नंबर आला तरी ते ‘‘हूं’’ म्हणत आणि नापास झाले असते तरी बहुधा ‘‘हूं’’च म्हणाले असते.

मी शिकायला नागपूरला राहिले तेव्हा ते दोन-अडीच महिन्यांतून एकदा वसतिगृहावर येत. संत्रा मार्केटात काही काम असले की तिथून येत. धोतर, टोपी, हातात पिशवी. आत येऊन बसत नसत. फाटकापाशीच उभ्याने तीन प्रश्न विचारत. ‘‘जेवण बरं हाय न?’’ ‘‘पैसे हायेत का?’’ ‘‘गावाले कधी येशीन?’’ तिन्हींची उत्तरे झाली की पिशवी माझ्या हाती देत, ‘‘सांभाळून राहजो’’ म्हणत आणि एस. टी. स्टँडकडे चालू लागत. माझ्या मैत्रिणींचे वडील तासतासभर बसत, हसत, डोक्यावरून हात फिरवत. मला लाजही वाटे आणि रागही येई. पुढे माझे लग्न झाले, घरोघरी फोन आले, हातात मोबाईल आले, तरी ते तीन प्रश्न बदलले नाहीत. बाबांचा फोन एक मिनिटाच्या वर गेला तर मला धडकी भरते, घरी काही झाले तर नाही ना म्हणून.

पण राग होता तो याचा नव्हता. तो होता 1986 सालचा, आणि तो मी बत्तीस वर्षे मनात ठेवला.

त्या साली मी बारावी पास झाले. आमच्या घरातून इतकी शिकलेली मी पहिलीच. मला नागपूरला कॉलेजात जायचे होते. काका म्हणाले, पोरीला आता उजवून टाका. मामांनी तर एक स्थळही आणले. सगळे बोलत होते आणि बाबा गप्प होते. मी रोज त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. दहा-बारा दिवस ते सकाळी बागेत जात, दुपारी येऊन जेवत, पुन्हा बागेत जात. एक शब्द नाही. मी माजघरात रडत असे आणि आईला म्हणे, ‘‘बाबांना मी नकोशीच झाले.’’ मग एके दिवशी संध्याकाळी त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढून फळीवर ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘उद्या सकाळची गाडी पकडजो. फारम भरून ये.’’ बस्, एवढेच. मी गेले, शिकले, पण ते दहा-बारा दिवस मला विसरता आले नाहीत. हो म्हणायला त्यांना इतके दिवस का लागले? मनातून त्यांना मला शिकवायचे नव्हतेच, लोकलाजेने दिले पैसे, असे मी धरून बसले.

आता ज्या बाया बागेच्या गावच्या आहेत त्यांना हे ठाऊक आहे, पण कापसाच्या आणि धानाच्या गावच्या भगिनींसाठी थोडे सांगते, म्हणजे पुढची गोष्ट ध्यानात येईल. आमच्या भागात संत्र्याला मुख्यतः दोन बहार धरतात. आंबिया बहाराची फुले थंडी ओसरताना येतात, मृग बहाराची पाऊस लागल्यावर. झाड आपोआप भरघोस फुलत नाही. त्याला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. मृगासाठी ऐन उन्हाळ्यात मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिना पाणी बंद ठेवतात. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होऊन फिकी पडतात, थोडी गळतात, आणि काडीत अन्न साठते. मग पाऊस पडला की तेच झाड फुलांनी पांढरे होते. पण ताण जरा जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि झाड कायमचे खंगते. हलक्या जमिनीत थोडेच दिवस पुरतात, भारी जमिनीत जास्त लागतात. म्हणून ताणाच्या दिवसांत बागाईतदार झोपत नाही. रोज सकाळी तो झाडाझाडाशी जाऊन पान हातात धरून पाहतो.

मी सात-आठ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात बाबांना म्हटले होते, ‘‘झाडं सुकून राहिली, तुम्ही पाणी काऊन देत नाही?’’ बाबा म्हणाले, ‘‘सुकवून नाही राहिलो पोरी. थांबवून राहिलो.’’ आणि पुढच्या झाडाकडे गेले. मला तेव्हा त्यातले काही कळले नाही.

2018 साली आई फार आजारी होती. मी महिनाभर माहेरी राहिले. एका रात्री बोलता बोलता मी तिला ते 1986 सालचे दुखणे सांगितले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘त्या साली तुह्या बापानं फुलावर बाग इकली, तुले मालूम नाही?’’

मला मालूम नव्हते. आईने त्या रात्री जे सांगितले ते असे. आमची तीन एकर बाग, वीस-वीस फुटांवर लावलेली सव्वातीनशे झाडे. बाबा बहार कधी फुलावर विकत नसत. फुलावर विकणे म्हणजे झाडावर नुसते फूल असताना सगळा बहार बागवानाला देऊन टाकणे. पुढे किती फळ टिकेल, किती गळेल, भाव काय राहील, हे कोणालाच ठाऊक नसते. सगळी जोखीम घेणाऱ्याच्या अंगावर, म्हणून तो भावही पाडून मागतो. त्याचा एक फायदा असतो की पैसा लगेच हातात येतो. जो शेतकरी दिवाळीनंतरपर्यंत थांबू शकतो, त्याची फळे लिंबाएवढी होऊन झाडावर दिसू लागतात, आणि मग तो मोजून-मापून बरा भाव घेतो. बाबा दरवर्षी थांबत. त्या साली ते थांबले नाहीत.

कारण पैसा आता हवा होता. माझ्या प्रवेशाला आणि वसतिगृहाच्या पहिल्या हप्त्याला मिळून पंधराशे रुपये लागणार होते. शिवाय सोसायटीचे मागले बावीसशे थकले होते, आणि ते भरल्याशिवाय पेरणीला नवे कर्ज मिळणार नव्हते. सावकाराकडे जायचे नाही ही बाबांची शपथ. ज्या दहा-बारा दिवसांत मी माजघरात रडत होते, त्या दिवसांत बाबा पावसाची आणि फुलाची वाट पाहत होते. फूल निघाल्याशिवाय बागवान बोली करणार नव्हता. फूल निघाले आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी अकरा हजारांत सगळा बहार देऊन टाकला. इसार म्हणून चार हजार हाती आले. त्यातले बावीसशे सोसायटीला, पंधराशे मला, आणि उरलेल्या तीनशेंत खताची पोती.

त्याच साली कार्तिकात शेजारच्या बागेचा सौदा झाला. झाडे जवळजवळ तेवढीच, जमीन तीच, पाणी तेच. त्यांना सतरा हजार मिळाले. म्हणजे बाबांनी सहा हजार सोडले. त्या वेळी माझा कॉलेजचा आणि वसतिगृहाचा सगळा खर्च वर्षाला चोवीसशेच्या आसपास होता. सहा हजार म्हणजे माझ्या अडीच वर्षांचे शिक्षण. पदवी तीन वर्षांची. आई म्हणाली, ‘‘मी लय भांडली तेव्हा. घरावरचे कवेलू फुटले होते, पावसात चुलीवर पाणी गळे. त्याच बहारावर कवेलू टाकायचे होते. तर म्हणे, कवेलू पुढच्या साली बी येतात, पोरीचं साल येत नाही.’’

‘‘मग मला का नाही सांगितलं कोणी?’’ मी विचारले.

‘‘त्याईनंच बजावलं होतं, पोरीले सांगू नको म्हणून. अभ्यासात लक्ष राहणार नाही, म्हणे.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. बत्तीस वर्षे मी ज्या गप्प राहण्याला नकार समजत होते, ती फुलाची वाट पाहणे होते. पुढल्या वर्षी आई गेली आणि ही गोष्ट माझ्यापाशी तशीच राहिली. बाबांजवळ ती काढायची कशी? समोर बसून बोलावे तर ते उठून गोठ्याकडे जाणार.

तेव्हा ठरवले की लिहावे. 2022 सालच्या जूनमधल्या त्या तिसऱ्या रविवारी मी गावी गेले आणि बाबांना चार पानी पत्र दिले. मोठे सजवून लिहिले होते. तुम्ही वटवृक्ष आहात, तुमची छाया आम्हांवर आहे, तुमचे उपकार फिटणार नाहीत, असे सगळे. बाबांनी चष्मा लावला, अर्धे पान वाचले, घडी केली, खिशात घातले आणि मला म्हणाले, ‘‘पंपाचा वायसर सांगितला होता, आणला का?’’ मी आणला होता. तो घेऊन ते गेले. माझ्या भावाला हसू आवरेना, आणि मला रडू.

घरी परतताना बसमध्ये मी ते पत्र मनाशी पुन्हा वाचले आणि माझी चूक माझ्याच लक्षात आली. त्या चार पानांत माझ्या बाबांचे असे काही नव्हते. ते पत्र कोणत्याही मुलीने कोणत्याही बापाला दिले असते तरी चालले असते. ज्या माणसाने सगळा जन्म झाडे मोजली, पाणी मोजले, रुपये मोजले, त्याला वटवृक्षाचे काय कौतुक? आणि तेही मी ते सगळ्यांसमोर दिले. भाऊ, वहिनी, नातवंडे सगळी तोंडाकडे पाहत असताना तो बिचारा वायसर विचारणार नाही तर काय करील?

पुढल्या वर्षी, 2023 सालच्या जूनमध्ये, मी दुसरी चिठ्ठी लिहिली. एकच पान, मोठ्या अक्षरात, कारण बाबांना आता बारीक दिसत नाही. वटवृक्ष नाही, उपकार नाहीत. जे ठाऊक होते ते लिहिले. ती चिठ्ठी अशी होती.

‘‘बाबा, 1986 साली तुम्ही फुलावर बाग विकली हे मला आईने सांगितले. अकरा हजारांत दिली. शेजारी सतराला गेली. सहा हजार कमी आले. त्यातून मी शिकले आणि पुढे पंचवीस वर्षे शिकवले. ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. तुम्ही बोलला नाही म्हणून मी समजत होते की तुम्हांला मला शिकवायचे नव्हते. मी चुकीचे समजत होते. हे तुम्हांला कळावे म्हणून लिहिले. उत्तर द्यायची गरज नाही.’’

ही चिठ्ठी मी कोणासमोर दिली नाही. दुपारी बाबा बागेतल्या खाटेवर टेकलेले असताना त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली आणि विहिरीकडे भांडी घासायला निघून गेले. तासाभराने परत आले तेव्हा बाबा उठून बसले होते. चिठ्ठी घडी घालून मांडीवर होती. माझ्याकडे न पाहता समोरच्या झाडाकडे पाहत म्हणाले, ‘‘अकरा नव्हते. साडेदहा.’’

मी गप्प उभी राहिले.

‘‘अकराची बोली झाली. मंग पंधरा झाडाईले डिंक्या निघाला. त्याचे पाचशे कापले त्यानं.’’

म्हणजे साडेसहा हजार कमी आले होते. सदतीस वर्षांनी बाबांनी माझा हिशेब दुरुस्त केला. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी टोपी डोक्यावर ठेवून उठताना म्हणाले, ‘‘आन् तुह्या मायचे कवेलू दुसऱ्या साली टाकले मी. लिहून ठेव तेबी.’’

आई जाऊन चार वर्षे झाली होती. तिच्या भांडणाला त्यांनी तेव्हा काय उत्तर दिले होते मला ठाऊक नाही, पण ते उत्तर त्यांच्या मनात कधी मिटले नव्हते एवढे मला त्या वाक्यातून समजले. पुढे वहिनीने सांगितले की ती चिठ्ठी बाबांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. त्या पेटीत आमच्या घरात फक्त जमिनीचे कागद असतात.

हे सगळे वाचून कोणी असे समजू नये की गप्प बापांचे गप्प राहणे मला आता गोड वाटू लागले आहे. झाडाला ताण मानवतो, कारण त्याला पान हातात धरून पाहणारा रोज येतो आणि ताण किती दिवसांचा ते तो जाणतो. लेकरू म्हणजे झाड नव्हे. बाबांनी त्या वेळी एकच वाक्य बोलले असते, ‘‘थांब, फूल निघू दे,’’ तर मी बत्तीस वर्षे मनात अढी ठेवली नसती. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी ते मांडवात नव्हते. विहिरीवर मोटार सुरू करायला गेले म्हणाले. त्या वेळी वीज नव्हती हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तेव्हा तिथे ते कशाला गेले हे मला आज कळते, पण त्या दिवशी बैलगाडीत बसताना मी मागे वळून पाहिले आणि बाबा दिसले नाहीत, ती जागा अजून भरलेली नाही. आणि प्रत्येक गप्प बापाच्या पोटात माया दडलेलीच असते असेही नाही. ज्या घरी गप्प राहून मारणारा किंवा उडवणारा बाप असेल, त्या मुलीने माझी ही गोष्ट आपल्या बापावर चिकटवू नये. गप्प माणसाने काय केले ते पाहावे, आणि त्यावरून ठरवावे.

ते पाहायचे असेल तर घरातल्या जुन्या माणसाला विचारावे लागते, आणि ती माणसे फार दिवस राहत नाहीत. त्या साली बैल का विकला, ती बांगडी गहाण का पडली, त्या वर्षी कापूस ओलाच बाजारात का नेला, असे साधे प्रश्न आईला, आत्याला, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावेत. बाप जे बोलला नाही ते बहुतेक वेळा असल्या जुन्या सौद्यांत सापडते. मी आईला आणखी वर्षभर उशिरा विचारले असते तर मला ते कधीच कळले नसते.

मागच्या खेपेला परत निघताना बाबा एस. टी. थांब्यापर्यंत आले. आता चालवत नाही, काठी लागते, तरी आले. तेच तीन प्रश्न विचारले. बस आली तेव्हा म्हणाले, ‘‘चिठ्ठी टाकजो. फोनवरचं राहत नाही.’’

म्हणून या मृगातही मी एक चिठ्ठी लिहिणार आहे. विषय ठरला आहे. मी दहा वर्षांची असताना बाबांनी पावसाच्या तोंडावर मला बोर्डो मलम करायला शिकवले होते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही, मग दोन्ही एकत्र करायचे. शेवटी चकचकीत विळ्याचे टोक त्यात बुडवून पाहायचे. विळ्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, आणखी चुना घालायचा. नाही चढला तर मलम झाले. त्या दिवशी बाबांनी तो विळा माझ्या हाती दिला होता आणि माझे पाहून झाल्यावर स्वतः पुन्हा पाहिले नव्हते. तसेच उचलून झाडांच्या बुडांना लावायला घेतले होते.

तेवढेच लिहीन. एक पान, मोठ्या अक्षरात. मोरचुदाचे माप चुकले असेल तर बाबा सांगतीलच.